साध्या फॉलोअपलाही प्लांट हेड सीसीत : याचं करायचं काय?

इंद्रायणीकाठ

चाकण भागातल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी परचेसला आहे. कास्टिंग आणि फोर्जिंगचे वेंडर माझ्याकडे आहेत. प्लॅनिंगला एक नवे सहकारी आलेत. कामाला पक्के, आकड्यात कधी चुकत नाहीत, समोरासमोर बोलायलाही चांगले. पण त्यांचा मला येणारा प्रत्येक मेल प्लांट हेड आणि परचेस हेड या दोघांना सीसी असतो. "अमुक पार्टची गाडी निघाली का?" एवढं विचारायलासुद्धा.

परवाचंच घ्या. पावणेअकराला मेल आला : "ब्रॅकेटचा स्टॉक दीड दिवसाचा आहे. पुढचा लॉट कधी?" मी तेव्हा गेटवर दुसऱ्या गाडीचं चलन बघत होते. सव्वाअकराला त्याच मेलवर दुसरा मेल : "खालील मेलला अद्याप उत्तर नाही. लाइन थांबल्यास जबाबदारी परचेसची राहील. कृपया आज सायंकाळपर्यंत कळवावे." दोन्ही मेलवर दोन्ही साहेब. आमची टेबलं हाकेच्या अंतरावर आहेत. गाडी तेव्हा खेड शिवापूरच्या टोलपर्यंत आलेली होती. फोन केला असता तर एका वाक्यात सांगून झालं असतं. त्याऐवजी मला एलआर नंबर, गाडी नंबर, ड्रायव्हरचा फोन आणि मागच्या लॉटच्या तारखा असं सगळं जोडून उत्तर लिहावं लागलं, कारण ते उत्तर त्यांच्यासाठी नव्हतंच, साहेबांसाठी होतं. त्यात अर्धा तास गेला.

कामाचा ताण मला नवा नाही. मला लागतं ते हे, की माझी काही चूक व्हायच्या आधीच माझ्याविरुद्ध फाइल तयार होते आहे. त्यांना कसं सांगावं? की थेट साहेबांशी बोलावं?

---

मुक्काम_डोंबिवली

ताई, राग मानू नका, पण त्यांचं फार चुकतंय असं मला वाटत नाही. मी बँकेच्या बॅक ऑफिसला आहे. आमच्याकडे जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही. एका सीनियरने मला तोंडी सांगितलं, "कर एंट्री, मी बघतो." ऑडिटमध्ये प्रश्न आला तेव्हा "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणून मोकळा झाला. माझं प्रमोशन अडकलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मेलवर साहेब असतात आणि मी शांत झोपतो. ज्याचं काम स्वच्छ आहे त्याला सीसीची भीती कशाला?

---

शर्वरी_एचआर

डोंबिवलीकर, तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईटच झालं. पण त्यात तुम्हाला कमी पडला तो लेखी पुरावा, साहेबांची हजेरी नव्हे. त्या सीनियरलाच दोन ओळींचा मेल टाकला असता, "आपल्या आजच्या बोलण्याप्रमाणे अमुक एंट्री करत आहे, काही वेगळं असेल तर चारच्या आत कळवा," तर तारीख-वेळेसह नोंद झाली असती. कंपनीच्या सर्व्हरवर तो मेल राहतोच. साहेब सीसीत असोत वा नसोत, पुराव्याचं वजन तेवढंच. सीसीमुळे वाढतो तो प्रेक्षक. या दोन गोष्टी आपण एकच धरतो आणि तिथेच सगळा घोळ होतो.

यावर अभ्यासही झालाय. डेव्हिड डी क्रेमर हे तेव्हा केंब्रिजच्या जज बिझनेस स्कूलमध्ये होते. त्यांनी 2017 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आपल्या सहा अभ्यासांबद्दल लिहिलं होतं. काही प्रयोग, काही सर्वेक्षणं. लोकांना असा प्रसंग वाचायला दिला, की एक सहकारी तुम्हाला मेल करताना साहेबांना नेहमी, कधीकधी किंवा जवळजवळ कधीच नाही, असा सीसी करतो. "नेहमी" वाचणाऱ्यांना, आपल्यावर विश्वास ठेवला जात नाही, असं इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त वाटलं. आणि तो ग्रह त्या एका माणसापुरता राहिला नाही. सगळी कंपनीच अशी आहे, इथे जपून राहायला हवं, असं त्यांना वाटू लागलं.

प्रसंग वाचून दिलेलं उत्तर आणि रोज त्याच माणसासोबत काम करणं यात फरक आहे, तेव्हा हा अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण माझ्याकडे तक्रार घेऊन येणारी माणसं जे सांगतात त्याच्याशी तो जुळतो. "त्याने सीसी केलं" अशी तक्रार कुणी करत नाही. "इथे वातावरण बरोबर नाही" असं म्हणतात, आणि खोदून विचारल्यावर मग मेल दाखवतात.

---

बाबा_आदम

एवढा काथ्याकूट कशाला? साहेबांना बीसीसी करा. त्यांना कळतं, समोरच्याला दिसत नाही, कुणी दुखावलं जात नाही.

---

शर्वरी_एचआर

बाबा, कृपा करून हे कुणाला सुचवू नका. बीसीसीतल्या साहेबांनी सवयीने Reply All दाबलं, की त्यांचं उत्तर सगळ्यांना जातं आणि ते लपून वाचत होते हे त्याच क्षणी उघड होतं. मोबाइलवरून उत्तर देताना हे सहज घडतं. उघड सीसीमुळे मन खट्टू होतं, बीसीसी सापडली तर संबंधच तुटतात.

बीसीसीचा एक प्रामाणिक उपयोग आहे. साहेबांचा विषयाशी संबंध संपला, की "साहेबांना बीसीसीत घेत आहे, पुढचे मेल त्यांना नकोत" असं सर्वांसमोर लिहून त्यांना तिकडे हलवायचं. तो एक मेल त्यांना जातो आणि पुढच्या Reply All मधून ते आपोआप सुटतात.

---

सचिवालय_निवृत्त

माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. आमच्याकडे पत्राच्या तळाशी "प्रत माहितीस्तव सविनय सादर" असं लिहून वरिष्ठांना प्रत जायचीच. कुणाला वाईट वाटलं नाही. सहायकाने टिप्पणी लिहायची, कक्ष अधिकाऱ्याने शेरा मारायचा, फाइल अवर सचिव, उपसचिव अशी वर चढायची. प्रत्येक कागद वरिष्ठांनी पाहिलेला असायचा. आजकालची पिढी जरा हळवी झाली आहे असं नम्रपणे नमूद करतो.

---

दुसरी_पाळी

काका, तुमच्या पद्धतीतच याचं उत्तर आहे. तुमच्याकडे प्रत कुणाला जाणार हे आधीपासून ठरलेलं होतं. सगळ्यांच्या सगळ्या कागदांची जायची. त्यामुळे प्रत गेली यात "तुझ्यावर भरवसा नाही" असा निरोप नसायचा. इंद्रायणीताईंकडे तो निर्णय एक माणूस स्वतः घेतोय आणि तोही फक्त काहींच्या बाबतीत. ताई, एक बघा : हे गृहस्थ क्वालिटीला किंवा स्टोअरला लिहिताना साहेबांना सीसी करतात का?

माझ्याबद्दल थोडं सांगतो. शॉप फ्लोअरवरून सुरुवात करून मी बरीच वर्षं प्लांट हेड होतो. म्हणजे त्या सीसीच्या खिडकीत ज्याचं नाव असतं तो माणूस. तेव्हा तिकडची बाजू लिहितो.

सीसीचं खरं नुकसान रुसव्याफुगव्यात नाही. कच्ची बातमी यायची थांबते, हे नुकसान मोठं. माझ्या प्लांटमधला प्रसंग सांगतो. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री आम्हाला कास्टिंग द्यायची. एका सोमवारी तिथल्या सुपरवायझरने आमच्या परचेसच्या मुलाला फोन केला : "इंडक्शन फर्नेसच्या कॉइलला पाणी गळतंय. एका दिवसात आटोपेल, नाहीतर तीन दिवस लागतील, उघडल्यावर कळेल." आमच्याकडे स्टॉक होता तीन दिवसांचा. म्हणजे गुरुवार सकाळपर्यंत काळजी नव्हती.

वर्षभरापूर्वी हा मुलगा काय करायचा? इंटरकॉम उचलून प्लॅनरला सांगायचा, "कोल्हापूरचं थोडं डळमळीत आहे, बघ." प्लॅनर मंगळवार-बुधवारचं मॉडेल बदलायचा, दुसऱ्या कास्टिंगवर चालणारा पार्ट पुढे ओढायचा आणि तीन दिवसांचा स्टॉक पाच दिवस पुरवायचा. माझ्यापर्यंत काही यायचंही नाही. पण मधल्या काळात आमच्या प्लॅनरने प्रत्येक मेलवर मला सीसी करायला सुरुवात केली होती आणि या मुलाला त्याचे दोन-तीन फटके बसले होते. एकदा त्याने "उशीर होऊ शकतो" असं लिहिलं आणि मी, सीसीत असल्यामुळे, थेट वेंडरच्या मालकाला फोन लावला. मालक भडकला, सुपरवायझरला बोलणी बसली, आणि शेवटी माल वेळेवर आला. मुलगा दोन्हीकडून तोंडघशी पडला.

त्यामुळे या वेळी तो गप्प राहिला. कॉइल उघडून पक्कं कळेपर्यंत थांबू, मगच लिहू, असं त्याने ठरवलं. त्याच्या जागी शहाण्या माणसाने हेच केलं असतं. पक्कं कळलं बुधवारी संध्याकाळी : शुक्रवारशिवाय मेटल ओतता येणार नाही. त्याने नीट, मुद्देसूद, सगळ्यांना सीसी करून मेल लिहिला. तोपर्यंत प्लॅनरने तीच कास्टिंग पूर्ण वेगाने वापरली होती. गुरुवारी लाइन थांबली. शुक्रवारी रात्री जेमतेम अर्धा भरलेला टेम्पो स्पेशल भाड्याने कोल्हापूरहून आणला. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात असल्या जादा भाड्याची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे ऑडिटला त्याचाही हिशोब द्यावा लागला.

चौकशीत सगळ्यांचे मेल स्वच्छ निघाले. प्लॅनरने विचारलं होतं, परचेसने कळवलं होतं, मी सीसीत होतो. कागदावर कुणाचीच चूक नाही, आणि लाइन मात्र बंद. सोमवारची "डळमळीत आहे" ही बातमी फक्त भरवशाच्या माणसाला सांगता येते. साहेबांसमोर ती सांगता येत नाही, कारण साहेब लगेच विचारणार, "कशावरून? किती दिवस? लेखी आहे का?"

---

इंद्रायणीकाठ

दुसरी पाळी, तुम्ही लिहिलंय ते वाचताना अंगावर काटा आला. हुबेहूब असंच आहे. वेंडरही आता मला म्हणतात, "मॅडम, हे मेलवर नका टाकू, तोंडी सांगतोय." आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, ते क्वालिटीलाही सीसी करतात, स्टोअरलाही. मी आज मुद्दाम विचारून घेतलं. म्हणजे फक्त माझ्या बाबतीत नाही. थोडं बरं वाटलं, पण प्रश्न सुटत नाही.

---

दुसरी_पाळी

सगळ्यांनाच करत असतील तर बहुधा भीती आहे, आकस नाही. हा फरक महत्त्वाचा, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे. फक्त तुम्हालाच करत असते तर आधी दोघांत काय बिनसलंय ते बघायला हवं होतं. सगळ्यांना करतात याचा अर्थ ते कुठेतरी पोळलेले आहेत किंवा त्यांना वरून तसं सांगितलेलं आहे.

आणखी एक खूण सांगतो. सीसी नेमकी कधी येते ते बघा. पहिल्याच मेलला साहेब असतील तर ती सवय. आधी दोन मेल साधे आणि तिसऱ्याला अचानक साहेब आले तर ती तक्रार. आणि तुम्ही उत्तर दिल्यावर, काम झाल्यावर "धन्यवाद" म्हणतानाही साहेब असतील, तर हिशोबी माणूस नाही तो. हिशोबी माणूस वाईट बातमीला साहेबांना घेतो आणि चांगल्या बातमीला वगळतो.

---

नवखा_प्लॅनर

मी रांजणगावला प्लॅनिंगलाच आहे, नोकरीला लागून फार दिवस झाले नाहीत. इथे सगळे सीसी करणाऱ्याला धरताहेत म्हणून लिहितो. मला माझ्या मॅनेजरनेच सांगितलंय : "मला सीसीत ठेवल्याशिवाय परचेसला एकही मेल जाता कामा नये." एकदा नाही ठेवलं तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "मला का नाही माहीत?" आणि खरं सांगू, साहेब नसले तर परचेसवाले दोन-दोन दिवस उत्तरच देत नाहीत. साहेब असले की वीस मिनिटांत येतं. मग मी काय करावं?

---

मुक्काम_डोंबिवली

हेच मी म्हणत होतो. सीसी केलं की काम होतं. बाकी सगळं पुस्तकी.

---

दुसरी_पाळी

वीस मिनिटांत काय येतं ते बघायला हवं. उत्तर येतं, की माल येतो? माझ्या अनुभवात सीसीमुळे उत्तराचा वेग वाढतो आणि उत्तरातला ऐवज कमी होतो. "वेंडरशी बोलणं चालू आहे, लवकरच कळवतो" हे वीस मिनिटांत लिहिता येतं. काही दिवसांनी सगळ्याच मेलवर साहेब दिसले की तो वेगही उतरतो, कारण कुठला मेल खरोखर तातडीचा ते कुणालाच कळेनासं होतं. साहेबांनाही नाही. मी शेवटी आउटलुकमध्ये रूल लावला होता, `where my name is in the Cc box`, आणि असे सगळे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जायचे. संध्याकाळी वरवर नजर टाकायचो. म्हणजे माझे लोक ज्या साक्षीदाराच्या भरवशावर लिहीत होते तो साक्षीदार वाचतच नव्हता. माझ्यासारखे अनेक साहेब हेच करतात.

पण तुझी अडचण खरी आहे आणि तिचं मूळ तुझ्या मॅनेजरकडे आहे. सीसीची सवय लागते ती साहेबांच्या उत्तरामुळे. सीसीतल्या साहेबाने एकदा "प्लीज एक्सपेडाइट" असं लिहिलं, की पाठवणाऱ्याला कळतं, हे बटण चालतं. मग तो रोज दाबतो. मी दोन गोष्टी केल्या. एक, सीसीतल्या मेलला उत्तर देणं पूर्ण बंद केलं. माझ्याकडून काही हवं असेल तर माझं नाव वरच्या खिडकीत, "प्रति"मध्ये टाका आणि नेमकं काय हवं ते पहिल्या ओळीत लिहा, असं सांगितलं. दोन, कुणी सीसी घेऊन माझ्याकडे आलाच तर माझा पहिला प्रश्न ठरलेला : "त्याच्याशी बोललास का? तो काय म्हणाला?" बोलला नसेल तर विषय तिथेच थांबवायचो.

---

शर्वरी_एचआर

पण हे साहेबाला समज असेल तरच. नवख्याचा मॅनेजर स्वतःच घाबरलेला दिसतोय, त्याच्याही वर कुणीतरी "मला का नाही माहीत?" म्हणणारा असणार. तिथे खालच्या माणसाने सीसी बंद केली तर तोच बळी जाईल. मी त्याला तसं करायचा सल्ला देणार नाही.

---

दुसरी_पाळी

मान्य. म्हणून त्याने बंद करू नये, मॅनेजरला हवी ती माहिती दुसऱ्या वाटेने द्यावी. सीसी करणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात : आपण विचारलं होतं याची नोंद, आणि साहेबांना अचानक धक्का बसू नये. या दोन्ही मेलशिवाय मिळतात. आम्ही सकाळच्या उत्पादन मीटिंगला एकच शीट ठेवायला लागलो. प्लॅनर शंका टाकणार, परचेसचा माणूस त्याच ओळीत तारीख टाकणार. साहेब ती शीट केव्हाही बघू शकतात. प्रश्न सगळ्यांचे एका जागी दिसतात, त्यामुळे एकट्यादुकट्याला आरोपीसारखं वाटत नाही. काकांच्या फाइलसारखंच ते. प्रत ठरलेली, सगळ्यांची.

---

सचिवालय_निवृत्त

आता मुद्दा ध्यानी आला. मी प्रश्न वेगळा समजलो होतो. एक भर घालतो. आमच्याकडेही एक प्रकार होता : साहेबांना न सांगता थेट वरच्या साहेबांना पत्र. "योग्य मार्गाने" न गेलेलं पत्र म्हणून ते परत यायचं आणि पाठवणाऱ्याला समज मिळायची. खाजगीत अशी समज कोण देतं?

---

कृष्णाकाठचा_पंत

सगळं वाचलं. मी बांधकाम क्षेत्रात काँट्रॅक्ट्स बघतो. आमच्याकडे नोटिशीची प्रत कुणाकुणाला जायची हे करारातच लिहिलेलं असतं. मुदतवाढीची नोटीस ठरलेल्या दिवसांत इंजिनिअरला गेली नाही तर दावाच बुडू शकतो. तिथे विश्वास-अविश्वासाचा प्रश्न येत नाही. त्यामुळे "सीसी करूच नका" असा निष्कर्ष कुणी काढू नये.

---

शर्वरी_एचआर

बरोबर, पंत. सुरक्षिततेचा प्रश्न, ग्राहकाकडून आलेलं रिजेक्शन, नियमाबाहेर काही करायला सांगितलं जाणं, छळाची तक्रार, अशा ठिकाणी वरच्याला लेखी कळवलंच पाहिजे आणि त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही. धागा चाललाय तो "गाडी निघाली का" या मेलबद्दल.

आणि खरंच वर न्यायची वेळ आली, तर आधी त्या माणसाला सांगावं : "उद्या दुपारपर्यंत तारीख मिळाली नाही तर मला साहेबांना लिहावं लागेल, कारण प्लॅन फिरवायचा निर्णय त्यांचा आहे." मग सीसी करताना पहिल्या ओळीत साहेब इथे का आहेत ते लिहावं. समोरच्याला ते आवडणार नाही, पण पाठीत वार झाला असं वाटणार नाही.

---

मुक्काम_डोंबिवली

ही तर सरळ धमकी झाली! त्यापेक्षा गुपचूप केलेली सीसी बरी.

---

शर्वरी_एचआर

धमकी वाटू शकते, नाकारत नाही. पण त्यात समोरच्याला काहीतरी करायला अर्धा दिवस मिळतो. गुपचूप सीसीत तो मिळत नाही.

---

मुक्काम_डोंबिवली

माझं मत अजून बदललेलं नाही. मला फसवलं ते माझ्या विश्वासातल्याच माणसाने. पण तो "आपल्या बोलण्याप्रमाणे" वाला मेल मी सुरू केलाय. त्याला साहेब लागत नाहीत, हे मात्र खरं.

बाकी मी सगळे महत्त्वाचे मेल माझ्या घरच्या आयडीवर पाठवून ठेवतो, नोकरी सुटली तर हाती असावेत म्हणून.

---

शर्वरी_एचआर

ते आजच थांबवा. बँकेचा डेटा बाहेरच्या आयडीवर पाठवणं हे स्वतंत्र शिस्तभंगाचं कारण होऊ शकतं. स्वतःच्या बचावासाठी जमवलेलं तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल.

---

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे आभार. थोडं पुढे सरकलंय ते सांगते.

साहेबांकडे गेले नाही. प्लॅनिंगच्या त्या सहकाऱ्यांना दुपारी चहाला विचारलं. सीसीचा विषय न काढता आधी विचारलं, "आधीच्या कंपनीत प्लॅनिंग कसं चालायचं?" त्यांनी आपणहून सांगितलं. तिथे एकदा लाइन थांबली, यांनी परचेसला तोंडी सांगितलेलं होतं, परचेसने कानावर हात ठेवले, आणि वर्षाची इन्क्रीमेंट गेली. घरी तेव्हा नुकतंच कर्ज काढलेलं होतं. बोलताना त्यांचा आवाज बदलला. मला तोपर्यंत त्यांचा रागच येत होता, तो बराचसा उतरला.

मग मी माझी बाजू सांगितली. वेंडर मला अर्धवट माहिती देतो ती मी त्यांना लगेच देऊ शकत नाही, कारण ती साहेबांसमोर जाईल, आणि त्यात नुकसान त्यांच्याच प्लॅनचं होतं. कोल्हापूरच्या फर्नेसची गोष्टही सांगितली. प्लॅनर असल्यामुळे ती त्यांना लगेच पटली. "सोमवारी कळलं असतं तर मी मॉडेल फिरवलं असतं," हे त्यांचेच शब्द.

सध्या ठरलंय ते असं. दोन वेंडरांपुरतं करून बघायचं. रोजच्या फॉलोअपमध्ये सीसी नाही, आणि मी तोंडी काही "डळमळीत" सांगितलं तर त्याच दिवशी मीच त्यांना एक ओळ लिहून पाठवायची, म्हणजे त्यांची नोंद राहील. प्लांट हेडना हे चाललं. अडलंय ते माझ्याच साहेबांशी. परचेस हेड म्हणतात, "मला प्रत्येक मेल हवाच." त्यांना उद्देशून काय म्हणावं हे अजून सुचलेलं नाही.

---

दुसरी_पाळी

छान केलंत. ती एक ओळ तुम्ही लिहायची, हे सगळ्यात चांगलं. ज्याला पुरावा हवा होता त्याला तो समोरच्याच्याच हातून मिळतोय.

परचेस हेडना प्रत्येक मेल हवा म्हणजे त्यांना नेमकं काय कळायला हवं, ते विचारा. बहुतेकदा उत्तर असतं, "ग्राहकाचा फोन आला तर मी अडाणी दिसू नये." तसं असेल तर रोज संध्याकाळी दोन-तीन ओळींचा एक मेल पुरतो : कुठल्या पार्टला धोका, कधीपर्यंत, काय केलं. तेवढ्यानेही ऐकले नाहीत तर मग तो त्यांचा स्वभाव, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

---

नवखा_प्लॅनर

सर, ती सकाळच्या मीटिंगची शीट कशी असायची? मी माझ्या मॅनेजरला दाखवून बघतो. आणि त्यात "डळमळीत" लिहिलं तर तो "कशावरून" विचारणारच की!

---

दुसरी_पाळी

पार्ट नंबर, वेंडर, हातातला स्टॉक दिवसांत, कुणी विचारलं, कुणी उत्तर द्यायचं, अपेक्षित तारीख, आणि शेवटचा रकाना खात्रीचा : पक्की, बहुतेक, माहीत नाही. हा शेवटचा रकाना विसरू नकोस. "माहीत नाही" लिहिणाऱ्याला मीटिंगमध्ये कुणी झापायचं नाही, हे मॅनेजरकडून पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलवून घे. ते बोलायला तो तयार नसेल तर शीट सुरू करू नकोस. दोन दिवसांत सगळे "पक्की" लिहायला लागतील आणि ती शीट म्हणजे आणखी एक सीसी होईल.